मावशी आल्या का

प्रिंटरमधले कागद संपले होते. नवा गठ्ठा आणायला मी काउंटरमागच्या आतल्या खोलीत गेलो. एवढंच काम होतं. दिवा लावला, गठ्ठा काढला आणि वळताना बामाचा वास आला.

दादा कपाळाला बाम लावायचा. रात्रभर स्क्रीनकडं बघून त्याचं डोकं दुखायचं. पण दादाला जाऊन महिना होत आला होता आणि त्याची बामाची बाटली आईनं पडेगावच्या घरी देव्हाऱ्यापाशी ठेवली होती. मी दिवा मालवला आणि पटकन बाहेर आलो.

माझा दादा, इंद्रजीत, या हॉटेलात रात्रपाळीचा रिसेप्शनिस्ट होता. हॉटेल मोठ्या दवाखान्याजवळ आहे, त्यामुळं इथं पर्यटक कमी आणि पेशंटचे नातेवाईक जास्त. एका पहाटे तो त्याच आतल्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट. सकाळपाळीच्या माहनूरबाजी आल्या तेव्हा त्याच्या हातात फोनचा रिसीव्हर तसाच होता.

तेरावा झाल्यावर मालक नानासाहेब घरी आले. म्हणाले, "गोकुळ, तू दादाजवळ येऊन बसायचास. काम बघितलंय तुझं. येतोस का त्याच्या जागेवर?"

मी नववीतच शाळा सोडलेली. इंग्रजी अक्षरं जुळवत वाचतो. आई नको म्हणत होती. तरी मी लगेच हो म्हणालो. पगारासाठी नाही. मला त्याच्या खुर्चीत बसायचं होतं. त्या खुर्चीत अजून कुणी बसलेलं मला बघवलं नसतं.

काम मला दादानंच शिकवलं होतं. हॉटेलचा दिवस घड्याळावर बदलत नाही. रात्री बारा वाजले तरी कॉम्प्युटरमध्ये कालचीच तारीख असते. सगळ्या खोल्यांचं भाडं चढवायचं, बिलं जुळवायची, मग रात्रपाळीवाल्यानं बटण दाबून दिवस बंद करायचा. तेव्हा तारीख पुढं सरकते. पण एक अट असते. बुकिंग केलेला एक जरी पाहुणा यायचा राहिला असेल तर दिवस बंद होत नाही. त्याला खोली द्या, नाहीतर 'आला नाही' असं टाका. दोन्हीपैकी काहीच केलं नाही तर मशीन अडून बसतं.

दुसरे लोक मध्यरात्रीच 'आला नाही' टाकून मोकळे होतात. दादा टाकायचा नाही. म्हणायचा, "गोकुळ, माणूस कुठंतरी घाटात अडकलेलं असतं. उजाडेपर्यंत थांबायचं." कुणी अडकलेला फोन करायचा, तेव्हा दादाचं उत्तर ठरलेलं असायचं. "या, मी हाय."

आणि सकाळी घरी जाण्याआधी चार्ज द्यायचा. की-कार्डं, गल्ला, कुणाला काय निरोप, सगळं दाखवून म्हणायचं, "चार्ज दिला." समोरच्यानं म्हणायचं, "घेतला." तोवर काउंटर सोडायचं नाही. ही दादाची आणि माहनूरबाजींची पद्धत.

तो गेला त्या सकाळी चार्ज कुणी घेतला? ओरडा, ॲम्ब्युलन्स, पोलीस. कॉम्प्युटर अडलेला होता म्हणे. दुपारी कॉम्प्युटरच्या कंपनीच्या माणसानं कुठूनतरी लांबून तारीख पुढं ढकलली.

तर त्या पहाटे मी प्रिंटरमध्ये कागद भरले आणि दिवस बंद करायला बसलो. सगळे पाहुणे आलेले होते. मी स्वतः बघितलं होतं. बटण दाबलं.

मशीन अडलं.

एक येणं बाकी. खोली २०७. द्वारकाबाई, फर्दापूर.

हे बुकिंग मी घेतलं नव्हतं. वर कोपऱ्यात तारीख बघितली. दादा गेला ती तारीख होती.

तेवढ्यात लांब अजान सुरू झाली. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, कॅनचा खडखडाट झाला. काचेच्या दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, नऊवारी घोट्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात वायरची पिशवी.

"हेच ना हो ते हॉटेल? लई उशीर झाला बगा. घाटात बस बंद पडली. डायव्हर म्हणला दुसरी येईल, दुसरी काय आलीच नाय."

"मग आलात कशा?"

"चालत… मंग कुणाच्या तरी टेम्पोत… आता ध्यानात नाय." तिनं पिशवी काउंटरवर ठेवली. "तुमच्या माणसाला फोन केलता. म्हणला, या, मी हाय. लई गोड बोलला. नायतर आमच्यासारख्यासाठी कोण थांबतंय?"

"कोण… कोण बोललं?"

"आवाज तुमच्यावाणीच. जरा दमल्याला."

काउंटरवरचा फोन वाजला. आतल्या फोनचा छोटा दिवा लुकलुकत होता. तो दिवा माझ्या पाठीमागच्या, मी नुकताच अंधार करून आलो त्या खोलीचा होता.

मी रिसीव्हर उचलला.

"गोकुळ… मावशी आल्या का?"

काय सांगू तुम्हाला. भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. तो आवाज परत कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"दादा…"

"खोली दे त्यांना. दिवस बंद कर. लई दमलोय रे… घरी जायचंय."

"घरी? आईकडं?"

फक्त श्वास ऐकू येत होता. घरी म्हणजे पडेगावला नाही, हे मला कळलं. या बाईला खोली दिली की दिवस बंद होणार, आणि दिवस बंद झाला की दादाची पाळी संपणार. मग तो कायमचा जाणार.

मी फोन ठेवला आणि द्वारकाबाईंना म्हणालो, "सिस्टीम बंद हाय, मावशी. बसा सोफ्यावर."

विचार केला नाही. मी तसाच आहे.

पाठीमागून बामाचा वास येत राहिला. मला बरं वाटत होतं. दादा आत आहे, मी बाहेर आहे, पूर्वीसारखं. मी मान न वळवता त्याच्याशी बोललो. आई जेवत नाही, सांगितलं. तुझी मोटारसायकल मी विकू दिली नाही, सांगितलं. आतून खुर्ची करकरली.

मग लक्षात आलं, अजान अजून चालू आहे. संपत आली की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली, खडखडाट. थोड्या वेळानं तीच गाडी, तोच खडखडाट. काचेबाहेरचं आभाळ राखेच्या रंगाचं होतं, ते तसंच राहिलं.

मी उठलो आणि दार ढकलून बाहेर आलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडं धावलो. टपरी बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दवाखान्याच्या बाजूला वळलो तर समोर आमचीच पायरी, आमचंच काचेचं दार. आत सोफ्यावर द्वारकाबाई. पुन्हा उलट्या बाजूला पळालो. पुन्हा तेच दार. धाप लागली. आत जाण्यावाचून दुसरीकडं जागाच नव्हती.

"कुटं पळत हायसा?" द्वारकाबाई म्हणाल्या. "एक इचारू का? उजाडत का नाय हो?"

मी खुर्चीत येऊन बसलो.

"माझी लेक हाय दवाखान्यात. संस्कृती. बाळंतपणात बिघडलं. मोठ्या वारडात ठिवलीया, मशीन लावून. उजाडल्यावर भेटू देत्यात म्हणले. म्हणून म्हणलं जरा तोंड धुवावं, लुगडं बदलावं. अशा चिखलात लेकीसमोर कसं जावं?" तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढून दाखवला. "डिंकाचा लाडू केलाय. खाईल का वो ती?"

डब्याच्या झाकणावर चिखल वाळला होता.

मी माझ्या एकट्यासाठी धरून ठेवलं होतं सगळं. माझ्या दादाला धरलं, त्यात हिची सकाळ अडकली होती. ती किती वेळापासून चालत होती कोण जाणे.

"आधार कार्ड द्या, मावशी," मी म्हणालो.

ते ओलं होतं. मी पुसून त्याची झेरॉक्स काढली. रजिस्टर कार्डावर नाव, गाव, कशासाठी आल्या ते भरलं; त्यांनी हळूहळू सही केली. २०७ स्वच्छ आणि रिकामी आहे, हे स्क्रीनवर बघितलं. कोरं कार्ड मशीनवर टेकवलं, खोलीचा नंबर आणि जायचा दिवस टाकला. मशीन टिक करून वाजलं.

"दाराला टेकवलं की हिरवा दिवा लागतो. आत भिंतीवर खाच हाय, तिथं कार्ड घाला, मगच लाइट लागते. गरम पाण्याचं बटण बाथरूमबाहेर हाय."

"लई उपकार झाले, लेकरा."

लिफ्टचं दार मिटलं. स्क्रीनवर २०७ चा रंग बदलला. बाकी काही राहिलं नाही. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबवत नव्हतं.

फोनचा दिवा लागला.

"दादा, मी… मला जमत नाय रे तुझ्याशिवाय."

"जमतंय की. मावशीला नीट सांगितलंस." आवाज फार लांबून आला. "चार्ज दिला, गोकुळ."

मी रडत बटण दाबलं.

"घेतला."

तारीख सरकली. अजान शेवटपर्यंत गेली आणि थांबली. दुधाची गाडी पुन्हा आली नाही. काचेतून पिवळं ऊन फरशीवर पडलं. बामाचा वास कुठंच नव्हता.

माहनूरबाजी आल्या, स्कार्फ नीट करत. "क्या रे, चेहरा कसा झालाय? रोया क्या?"

मी कार्डं दाखवली, गल्ला दाखवला. २०७ ला पाहुणी आहे म्हणालो. त्यांनी स्क्रीन बघितली. "२०७ तर रिकामी दिसते." मी वर पळालो. पलंगावरची चादर ताठ होती. खाचेत कार्ड नव्हतं, तरी बाथरूमचा दिवा चालू होता आणि बादलीतल्या पाण्यातून वाफ येत होती.

खाली येऊन मी म्हणालो, "चार्ज दिला."

"घेतला."

बाजींचे ओठ हलले नव्हते. त्या हसल्या. "तूच देतो, तूच घेतो? पागल. घरी जा, झोप."

त्यांनाही ऐकू आलं होतं. आणि आवाज दादाचा नव्हता.

त्यानंतर रोज सकाळी मी चार्ज द्यायचो आणि बाजी बोलायच्या आधी काउंटरमागून कुणीतरी तो घ्यायचं. काल मला सहन झालं नाही. कामावर गेलोच नाही. हॉटेलातल्याच राजेंद्रला माझ्या जागी बसायला सांगितलं आणि घरी आईजवळ पडून राहिलो. झोप लागेना. पहाटे राजेंद्रचा मेसेज बघितला. गाडी पंक्चर झाली, तो वैजापुरातून निघालाच नव्हता. काउंटरवर रात्रभर कुणी नव्हतं.

मी घाबरून हॉटेलला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

तिकडून माझाच आवाज, जरा दमलेला, हळूच म्हणाला,

"या… मी हाय."