फळ्या चेहऱ्यासमोर धरा

जागेवर —

इशारा सुरुवातीच्या रेषेवर द्यायचा, घड्याळ शेवटच्या रेषेवर दाबायचं... आणि मी एकटी. गावाच्या धुळकट मैदानावर मी कपाळाला हात लावून उभी. माझी भाची धावायच्या तयारीत ओणवी होऊन ताटकळलेली. तेवढ्यात सायकलवर लाकूड घेऊन चाललेला सुतार थांबला.

"काय अडलंय?"

"एक माणूस कमी पडतोय."

त्यानं दोन फळ्या उचलून एकमेकींवर आपटल्या. भाची दचकून पळालीच.

"चालेल का हा माणूस?"

हसला की त्याच्या भुवईवरचा भुसा हलायचा. मी धावणं सोडून बरीच वर्षं झाली होती... छातीतली धडधड मात्र ओळखीची निघाली.

तयार —

तो रोज संध्याकाळी येऊ लागला आणि भाचीची वेळ झपाट्यानं सुधारली. रविवारी निवड चाचणी. ठरलेल्या वेळेच्या आत आली तरच क्रीडाशाळेत जागा. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं.

एक दिवस सुतार आला नाही. फळ्या शाळेच्या शिपायानं वाजवल्या. पोरगी वेळेच्या बाहेर.

"सुतारकाका असले की बरी पळतेस गं," मी टोमणा मारला.

"मी सारखीच पळते, आत्या. तू घड्याळ वेगळं दाबतेस."

"म्हणजे?"

"आवाज इतक्या लांब उशिरा पोचतो, म्हणून फळ्या भिडताना बघून दाबायचं — तूच शिकवलंस ना? शिपाईमामा असले की तू फळ्यांकडे बघतेस."

"आणि ते असले की?"

"सांगू?"

"नको."

मी आवाज ऐकून भानावर येत होते. तेवढा उशीर दर वेळी पोरीला फुकटात मिळत होता.

मग लागलो कामाला. ती पहिल्याच पावलाला मान वर काढायची. सगळा जोर पुढे जायच्या ऐवजी वर जायचा. पाय रोवायला सुतारानं ठोकून दिलेल्या लाकडी ठोकळ्यांतला पुढचा ठोकळा मी रेषेपासून जरा मागे घेतला.

"नजर जमिनीवर. पाय सरळ होईपर्यंत ठोकळा ढकल. अंग हळूहळू उचल."

शनिवारी मी लांबून ओरडले, "फळ्या चेहऱ्यासमोर धरा!"

"का?"

"धरा हो."

फळ्या भिडल्या. मी दाबलं — आवाज नंतर आला. धुळीतून पोरगी सुटली, रेषेवर छाती झोकून दिली.

आत. जेमतेम... पण खरी.

फाट् —

रविवारी पंचांच्या घड्याळातही ती आतच निघाली.

सोमवारी संध्याकाळी तो मैदान ओलांडून आला, फळ्या तशाच चेहऱ्यासमोर धरून. वाटेत दोनदा ठेचकाळला. भाची पोट धरून हसत होती.

"चाचणी संपली," फळ्यांमागून आवाज आला. "आता तरी सांगा... का?"

"तुम्ही दिसलात की माझं घड्याळ उशिरा लागतं."

फळ्या हळूच खाली आल्या. भुवईवर भुसा होताच.

"आणि आता?"

घड्याळ माझ्या हातात होतं. दाबायचं राहूनच गेलं.