हसरत नको, आरजू

कुदरतचाचांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातला फारसी-उर्दू कोश विकायचा नव्हता. तो एका लोखंडी साखळीनं टेबलाला बांधलेला असायचा... आणि त्या दुपारी त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला सफदर बसला होता.

मी नुदरत, शहागंजच्या उर्दू शाळेत मराठी शिकवते. जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या मुशायऱ्यासाठी शेरांचं तीन भाषांतलं पत्रक निघणार होतं. मराठी माझ्याकडे होती आणि इंग्रजी या सफदरकडे. पाइपांचे नकाशे काढणारा इंजिनिअर, पण शेर जपून लिहिणारा. कोश एकच, तेव्हा चाचा म्हणाले, भांडा किंवा वाटून घ्या, मला चहा प्यायचाय.

आम्ही दोन्ही केलं.

पहिल्याच दिवशी त्यानं इश्क, मोहब्बत, उल्फत या तिन्हींपुढे एकच शब्द लिहिला, लव्ह. मी म्हटलं, "सफदर साहेब, तुमच्या इंग्रजीला एकच कपाट दिसतंय. सगळे कपडे त्यातच कोंबताय."

"मग तुमच्या मराठीत काय वेगळं आहे?"

मी सांगितलं. उल्फत म्हणजे जिव्हाळा, सहवासानं लागतो. मोहब्बत म्हणजे प्रेम. आणि इश्क... तिथं मी अडखळले. चाचा पेला खाली ठेवत म्हणाले, इश्क मूळचा अरबी, आपल्याकडे आला फारसीच्या दारातून. जुने लोक त्याचा संबंध एका वेलीशी जोडतात. ती झाडाला विळखा घालते आणि झाड वाळवून टाकते. खरं खोटं शब्दांचे पंडित जाणोत.

"म्हणजे अमरवेल," मी म्हटलं, आणि मराठीच्या रकान्यात 'ध्यास' लिहिलं.

सफदरनं माझा रकाना वाचला. मग त्यानं इश्कपुढचं लव्ह खोडलं आणि पॅशन लिहिलं. ते वेडाच्या जवळ जातं, पण त्यात वाळणं येत नाही, असंही म्हणाला. हरल्यावर इतकं छान हसणारा माणूस मी पाहिला नव्हता.

पुढचे वीस दिवस शाळा सुटली की माझे पाय आपोआप दुकानाकडे वळायचे. एकदा त्यानं डब्यात नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणला आणि कोशाच्या पानावर रश्श्याचा डाग पाडला. चाचा दोन दिवस बोलले नाहीत. आम्ही मात्र बोलत होतो... शब्दांबद्दलच, दुसऱ्या कशाबद्दल नाही. तो शुक्रवारी शारजाला नोकरीला चालला होता, तीन वर्षांसाठी. हे मला त्यानं नाही, चाचांनी सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

यादीतला शेवटचा शेर त्याचा स्वतःचा होता:

बात लब तक ही आ के लौट गई
दिल में हसरत लिए चला हूँ मैं

ओठांपर्यंत येऊन शब्द परत फिरला, मनात हसरत घेऊन निघालोय मी. हसरतपुढे त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, विश. नुसती इच्छा.

"हे चूक आहे," मी म्हटलं. "इच्छा म्हणजे ख्वाहिश. हसरत म्हणजे राहून गेलेली इच्छा, जिची वेळ टळली तिचं दुःख. मराठीत मी रुखरुख लिहीन."

"लिहा ना मग."

"नाही लिहिणार. ज्यानं मागितलंच नाही, त्याला रुखरुख कशाची? आधी आरजू तर करा, मनापासून मागून तर बघा. तो शब्द अस्सल फारसी आहे, आणि त्यात अजून उत्तर यायचं असतं."

तो नकाशा बघावा तसा त्या ओळीकडे बघत राहिला. मी रकाना कोरा ठेवून घरी आले. पत्रक तसंच छापलं गेलं.

गुरुवारी दुपारी मुशायरा झाला. सफदर उभा राहिला आणि पहिली ओळ म्हणाला. रिवाजाप्रमाणे सभागृहानं ती उचलली, बात लब तक ही आ के लौट गई... त्यानं ती पुन्हा म्हटली. लोक पुढच्या ओळीसाठी थांबले. पत्रकात ती सगळ्यांपुढे छापलेली होतीच. त्याची नजर बायकांच्या रांगांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली.

"आरजू ले के आ गया हूँ मैं."

लोक पत्रक उलटसुलट करू लागले. चाचांनी आधी बोटांवर नव्या ओळीचं वजन, म्हणजे वृत्त, मोजलं, मग मोठ्यानं वाहवा दिली. मला वाहवा देता आली नाही, डोळे भरून आले होते.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "विमान उद्याच आहे. ते नाही बदलत. पण अम्मीला तुमच्या घरी पाठवू का?"

"पाठवा. मी तीन वर्षं थांबेन," मी म्हटलं.

विमान गेलं. दुकानात अजून साखळीच्या एका टोकाला मी एकटीच बसते, आणि डागाचं ते पान उगाच उघडते. त्याची आठवण येते, फार येते. माझ्या पत्रकातला कोरा रकाना मात्र मी मुशायऱ्याच्याच संध्याकाळी शाईनं भरला. तिथं लिहिलंय, आस.