वनाचा हॅलो

आई सप्तशृंगीची शपथ, पोरींनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! मी तुम्हाला गिरणा नदीत मगर पोहताना पाहिली असं सांगितलं होतं, ती गोष्ट वेगळी. ती मगर थोडी लहान असेल. पण ही — ही गोष्ट खोटी निघाली तर माझ्या पुरणपोळीत मीठ पडो.

तर, त्र्याण्णव साल. मी जळगावच्या एका डाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. मशीनला धूळ लागू नये म्हणून फुलाफुलांचं झाकण, आणि ते झाकण काढायचा मान फक्त माझा. मी काय तोऱ्यात असायचे म्हणून सांगू!

आमचं खरेदीचं ऑफिस धुळ्याला होतं. तिथं रोज किती तूर आली, किती मूग आला, काय भाव फुटला, ते संध्याकाळी फोनवर ओरडून सांगायचे. तुरीचा मूग व्हायचा, आमचे मालक नाना डोक्याला हात लावायचे. शेवटी त्यांनी धुळ्यालाही एक कॉम्प्युटर घेऊन दिला, दोन्हीकडे एकेक मोडेम. मोडेम म्हणजे छोटी डबी. टेलिफोनच्या तारेला जोडायची. ती नंबर फिरवायची, मग दोन्ही डब्या एकमेकींशी शिट्ट्या मारत, किरकिरत बोलायच्या — जशा नळावर दोन जावा! जुळलं की इकडं टाइप केलेलं अक्षर तिकडच्या पडद्यावर.

धुळ्याला मशीनवर कोणाला बसवलं? वनाला. नरडाण्याच्या गोदामात पोती मोजणारा गडी. अक्षर मोत्यासारखं म्हणून आणला.

नाना मला म्हणाले, "प्रमिला, दिवाळीपर्यंत याचं बोट वळव. नाही वळलं तर नाशिकहून शिकलेला मुलगा येतोय, आणि वना परत नरडाण्याला."

पहिल्या संध्याकाळी माझ्या पडद्यावर 'रिंग' आलं, मग 'कनेक्ट'. आणि मग... काहीच नाही. मी वाट पाहत बसले. एकदम अक्षरं सुरू झाली, सगळी कॅपिटल —

हॅलो हॅलो हहॅलो हॅलो हॅल्लो

मग ओळच्या ओळ गायब, आणि त्याच जागी दुसरी —

काही मोडलं का

अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. तेव्हा तसंच लिहायचो आम्ही.

मला हसू फुटलं, पण काय झालं ते लगेच कळलं. त्याच्या मशीनला त्याचंच लिहिलेलं त्याला दाखवायचं सांगितलेलंच नव्हतं. बिचारा हॅलो लिहितोय, त्याच्या पडद्यावर काळोख. म्हणून पुन्हा लिहितोय, आणखी जोरात दाबतोय. आणि एंटर दाबलं की आमच्या पडद्यावरची खूण ओळीच्या सुरुवातीला जायची, पण खालच्या ओळीवर उतरायची नाही. म्हणून नवं वाक्य जुन्याच्या डोक्यावर बसायचं.

हे सगळं मी त्याला सांगायला घेतलं. लांबलचक. मग थांबले. म्हटलं, घाबरलेल्या माणसाला कोणी दारातच पंचांग वाचून दाखवतं का? सगळं खोडलं, आणि लिहिलं —

"नमस्कार वनाभाऊ. काहीही मोडलं नाही. तुमचा हॅलो पोचला. चार-पाच वेळा पोचला."

मग एकेक अक्षर, दाणे टिपत असल्यासारखं —

"खरं का. सकाळी हॅलो लिहिलं तर मशीननं शिवी दिली. बॅड म्हणे."

अगंबाई! हा माणूस मशीन सुरू करून नुसत्याच काळ्या पडद्यावर हॅलो लिहून बसला होता. तिथं मशीनला ठराविक हुकूमच कळतात. न कळणारा शब्द आला की ते म्हणायचं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'.

मी लिहिलं, "ती शिवी नाही. त्याला इतकंच म्हणायचंय की हा शब्द मला येत नाही. अडाणी ते आहे, तुम्ही नाही."

"मग मोडतं कशानं?"

"हातोड्यानं. चहा सांडला तर. अक्षरानं नाही. इथं तुम्ही जे लिहिता ते नुसतं तारेतून मला येतं. चुकलं तर बॅकस्पेस, खोडून पुन्हा. आता ऑल्टचं बटण धरून ई दाबा. एकदाच. मी इथंच आहे."

'मी इथंच आहे' हे का लिहिलं मी, देव जाणे.

जरा वेळानं आलं — "दिसलं! मी लिहितो ते मला दिसतं!"

एंटरची खोड मी माझ्याकडच्या सेटिंगमध्ये काढली, नवीन ओळ उतरू लागली. मग रोज संध्याकाळी हॅलो. आधी कामाचं — पेज अप दाबायचं, फाइलचं नाव द्यायचं, की तूर-मूग सगळं जळगावात हजर. मग दोन शब्द बिनकामाचे. नाना एस.टी.डी.च्या बिलाकडे बघून नुसते खाकरायचे.

त्या बोलण्यात एक मजा होती, पोरींनो. तुमच्यासारखं नाही — लिहा, पुसा, सजवा, मग पाठवा. तेव्हा बोट पडलं की अक्षर लगेच समोर. खोडलेलंसुद्धा दिसायचं. धुळ्यात त्याचं बोट कुठं अडखळलं, ते मला जळगावात कळायचं.

एकदा तो विचारतो, "एक विचारू? चुकीचं लिहिलं तर?"

"तर मी बॅड कमांड म्हणेन."

"तुम्ही मला वनाभाऊ म्हणता..."

"मग?"

"भाऊ..." — खोडलं. "भाऊ नका..." — खोडलं. "आमच्याकडे पाऊस चांगला आहे."

मी एकटीच हसत बसले. कुंदाबाई, आमच्या हिशेबाच्या बाई, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय गं, मुगाचा भाव इतका हसण्यासारखा आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून मी नुसतं 'वना' लिहायला लागले. त्या दिवशी तुरीच्या यादीत मूग दोनदा आला.

बोट वळलं, पण भीती पुरती जाईना. मिटवायचं बटण दिसलं की त्याला घाम फुटायचा. मी समजावलं, "हे बघ, एखादी फाइल नाव घेऊन पुसली तर ती न विचारता जाते, तेवढं जप. पण सगळंच्या सगळं पुसायचं असलं तर मशीन आधी विचारतं — खात्री आहे का? वाय की एन? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. मोठ्या गोष्टीआधी ते विचारतंच."

"शहाणं आहे," त्यानं लिहिलं. "मोठ्या गोष्टीआधी विचारावंच."

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, मग आमचा कॉम्प्युटर का नको? दोन्ही ऑफिसांत हळदकुंकू, झेंडूची माळ, अक्षता. संध्याकाळी वनाचा हॅलो आला. फाइल आली. आणि मग अक्षरं... हळूहळू... एवढी हळू की मी श्वास धरून बसले.

"मोठी गोष्ट विचारतो. मशीनसारखी. माझ्याशी लग्न..." — थांबलं. पुढं सरकलं — "करशील? खात्री आहे का? वाय की एन?"

मी वायवर बोट ठेवलं, आणि दाबलं. आणि पडद्यावर काय उमटलं? कंस, चौकोन, उलटी अक्षरं, भुतांची बाराखडी! आणि खाली, 'नो कॅरियर'. लाइन तुटली.

मी मागं वळले. कुंदाबाईंनी टेबलावरचा फोन उचलला होता — त्याच लाइनवरचा दुसरा फोन! पाचोऱ्याच्या बहिणीला दसऱ्याचं निमंत्रण द्यायचं होतं त्यांना. "हॅलो... हॅलो... अगं, ही किरकिर कसली?"

"कुंदाबाई!" मी किंचाळले. "माझा संसार मोडलात!"

मोडेमच्या शिट्ट्यांत माणसाचा आवाज घुसला की मोडेम त्यालाही अक्षरंच समजतं, आणि कचरा उमटतो. हे मला माहीत. पण वनाला? त्यानं लग्नाचं विचारलं, आणि त्याच घटकेला त्याचाही पडदा वेडा झाला असणार!

मी उलट नंबर लावला. नुसतीच रिंग. त्यानं घाबरून मशीन बंद केलं होतं. साधा फोन केला तर धुळ्याच्या ऑफिसचे प्रमुख, आबा, बोलले, "पोरी, तो म्हणतो पूजेच्या दिवशी नको ते लिहिलं, मशीन कोपलं. मला नरडाण्याला परत पाठवा म्हणतो. परवा नानांना कळवणार शे मी."

दसऱ्याची सुट्टी कशी गेली विचारू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नानांना म्हटलं, "धुळ्याचं मशीन तपासून येते." कुंदाबाईही निघाल्या. "तारेत मी घुसले, आता बसमध्येही घुसते," म्हणाल्या, आणि पुरीभाजीचा डबा काखोटीला मारला. एरंडोल, पारोळा... एवढे थांबे त्या रस्त्याला कधी नव्हते!

ऑफिसच्या दारात चपला काढल्या. आत मशीनवर सतरंजीएवढी चादर, आणि शेजारी एक उंच, सावळा माणूस, हात मागे बांधून. मयताला आल्यासारखा.

"बठ्ठं बिघडी गयं का?" त्यानं मान खाली घालूनच अहिराणीत विचारलं, सगळं बिघडलं का म्हणून.

आवाज पहिल्यांदाच ऐकला. मी चादर ओढली, मशीन चालू केलं, काळा पडदा आला, आणि दोन्ही तळहातांनी कळफलकावर अशी थापटी मारली, भाकरी थापतात तशी! वनानं डोळे घट्ट मिटले. पडद्यावर अक्षरांचा नुसता भरडा. मी एंटर दाबलं.

"उघड डोळे. काय लिहिलंय?"

त्यानं एक डोळा उघडला. "बॅड... बॅड कमांड."

"आणि मशीन?"

"चालू शे..." त्यानं दुसरा डोळा उघडला. आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. कान लालबुंद! "मग परवा?"

"परवा ह्या," मी कुंदाबाईंकडे बोट केलं. "यांनी फोन उचलला."

"बहिणीला पुरणपोळीला बोलवत होते, बाबा," कुंदाबाई म्हणाल्या. "तुझं लग्न चाललंय हे मला काय ठाऊक!"

वना खुर्चीवर बसला, आणि एका बोटानं लिहिलं — न थांबता, न खोडता —

"खात्री आहे का? वाय की एन?"

मी पुढं वाकले. वाय दाबलं. काहीच नाही! पुन्हा दाबलं. बटण खाली जाईना. वनाचा चेहरा पांढराफटक. मी कळफलक उचलला, उलटा केला, टकटक झटकला, आणि टेबलावर पडला एक तांदळाचा दाणा. कुंकवानं लाल झालेला, खंडेनवमीचा.

कुंदाबाईंनी तो चिमटीत धरला. "घ्या! मुलीनं हो म्हणायच्या आधीच अक्षता पडल्या!"

मग मी वाय दाबलं. उमटलं. आणि वनानं माझं बोट तिथंच, बटणावर, धरून ठेवलं. पडद्यावर वाय-वाय-वाय-वाय... ओळभर धावत सुटले. तो नरडाण्याला गेला नाही. नाशिकचा मुलगा आला नाही. कुंदाबाईंच्या पुऱ्या मात्र आबांनी संपवल्या.

काय गं, हसतेस काय? आजोबा तिकडं मान हलवताहेत ना! बरं बाबा, सांगते. शपथ घेतलीय सप्तशृंगीची.

दाणाबिणा काही नव्हता तिथं. दाणा मी घातला गोष्टीत. बटण अगदी चांगलं होतं. मीच वायवर बोट टेकवून थांबले होते... दाबवेना. इतके दिवस त्याला सांगत होते, अक्षरानं काही मोडत नाही. आणि एका अक्षरासाठी माझंच बोट अडून बसलं.

तेव्हा तुमच्या आजोबांनी हळूच लिहिलं, "मी इथंच आहे."

मग दाबलं.