सहा अंकांचा उच्छ्वास

वैष्णवीताईच्या योगाच्या वर्गाला श्वासाचा एक ट्रॅक करून द्यायचा, एवढंच शिवशंकरचं काम होतं. नववीत शाळा सुटल्यापासून तो मुरुम गावात भजनांचं, लग्नांचं रेकॉर्डिंग करायचा. चार माणसांत बोलायला लाजायचा, पण आवाजाच्या कामात त्याचा हात बसला होता. शिवाय ही ताई त्याची सख्खी मोठी बहीण. हिवाळ्यात न्यूमोनियातून कशीबशी वाचलेली. अजून जिना चढताना तिला धाप लागायची. दीर्घ श्वसनानंच मी उभी राहिले, असं ती सगळ्यांना सांगायची.

"चार अंक घ्यायचा, सहा अंक सोडायचा," ताई म्हणाली. "घाई न्हाय पायजे, शिवा."

त्यानं ठेका मिनिटाला साठ ठेवला, म्हणजे एका ठोक्याला एक सेकंद. चार आणि सहा मिळून दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. एकदम एवढं सावकाश जमत नाही, म्हणून सुरुवातीला ठेका पंच्याहत्तरचा घेतला, आठ सेकंदांना एक श्वास. मग हळूहळू साठवर आणला. खाली तंबोरा. श्वास घेताना सूर चढायचा, सोडताना उतरायचा, वळणावर बारीक घंटी. आता फक्त खरा श्वास हवा होता.

स्वतःचा त्यानं करून पाहिला. हेडफोनमध्ये थुंकीची चपचप ऐकून त्यानं लाजून तो पुसून टाकला. ताईचा श्वास तर पुरतच नव्हता.

मग त्याला भजनी मंडळातले, सदा तंबाखू चघळणारे गोरोबा आठवले. म्हातारबा उन्हाळ्यात वारले होते. त्यांच्या शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये आलापाआधी ओढलेला एक लांब श्वास होता, दोन सेकंदांचा. शिवशंकरनं तो कापला आणि पट्टी न बदलता चार ठोक्यांवर ताणला. ताणल्यावर छातीतल्या कफाचा एकेक बुडबुडा सुटा फुटताना ऐकू आला. तो आवाज दबावा म्हणून त्यानं तंबोरा वाढवला.

सोडलेला श्वास मात्र कुठंच सापडेना. गाणाऱ्याचा सोडलेला श्वास गाण्यातच जातो. म्हणून त्यानं तोच ओढलेला श्वास उलटा फिरवला आणि सहा ठोक्यांवर ताणला. ऐकायला अगदी उच्छ्वास वाटत होता.

ट्रॅक ताईला दिल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आवाज नीट लागतो का ते बघायला तो वर्गावर गेला. बायका सतरंज्या झटकत होत्या.

"आगं, कुणाच्या तोंडाचा वास मारतोय?" नागूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "दात घासून येत जावा की गं!"

"तुमच्याच शेजारून येतोय, मावशी," कुणीतरी हसलं.

वास खरंच होता. शिळ्या तंबाखूचा, आंबलेल्या थुंकीचा. शिवशंकर वासामागं गेला आणि स्पीकरपाशी थांबला. जाळी ओली होती. त्यानं बोट फिरवलं, तर बोटाला पिवळी तार लागली. ती तुटेना. पायजम्याला पुसली, तरी बोट बुळबुळीतच राहिलं.

ट्रॅक सुरू झाला. बायकांनी डोळे मिटले. समोर उदबत्ती जळत होती. चार अंकांत धूर स्पीकरकडं वळला. घंटी वाजली. बायकांनी श्वास सोडला... आणि सहा अंक धूर पुन्हा स्पीकरकडंच गेला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. बायका श्वास सोडत होत्या आणि जाळी तो ओढून घेत होती. पुढच्या रांगेतल्या पदरांची टोकं तिकडंच सरकत होती. जाळीच्या मागं काहीतरी ओलं, पातळ, भोकांना चिकटत होतं.

त्यानं स्पीकरची पिन उपटली.

"काय झालं रे?" ताईचे ओठ निळसर दिसत होते.

"ताई... हा लावू नको आता. चुकलंय माझं."

"मी तर रोज दोनदा लावते घरी. कानात घालून."

त्यानं तिथंच तिच्या फोनमधून आणि घरी येऊन आपल्या मशीनमधून तो ट्रॅक पुसून टाकला. लाज गिळून स्वतःचा श्वास रेकॉर्ड केला, घेतलेला वेगळा, सोडलेला वेगळा. दुपारी नवा ट्रॅक घेऊन तो ताईकडं गेला. ती पलंगावर शांत झोपली होती. चेहऱ्यावर रंग परत आला होता. छाती संथ हलत होती. त्याला हायसं वाटलं. सवयीनं तो मोजू लागला. चार... सहा... चार... सहा. ठेका अचूक होता.

तरी त्यानं तळहात तिच्या नाकासमोर धरला. चार अंक हातावरून गार वारा आत ओढला गेला. छाती खाली बसू लागली. आता गरम वाफ येईल म्हणून तो थांबला.

सहा अंक हात गारच राहिला. मनगटावरची लव तिच्या नाकाकडंच वाकली होती.