चार शब्दांची जागा

शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या टायपिंगच्या दुकानात हनुमंत कोळपे शिरला तो झेरॉक्ससाठी. पण काउंटरमागच्या प्रतिभाकडं पाहून त्याला एकदम दुसरंच काम आठवलं. दोन हजार चार सालचा श्रावण होता.

"मेलबर्नच्या मराठी मंडळाला माझा परिचय पाठवायचाय. गणपतीच्या कार्यक्रमात निवेदक वाचणार. शंभरच शब्द."

"काम काय करता तिकडं?"

"लॅबमधी लोकर तपासतो. धागा किती बारीक हाय, ते मशीनवर मोजायचं."

"आन् गाव?"

"वडगाव रासाई. आमचे आजोबा, रखमाजी, मेंढरं राखायचे. नुसती चिमटीत लोकर धरून सांगायचे, घोंगडं टोचंल का न्हाई."

"अहो, मग हेच आधी सांगायचं!"

तो सांगेल तसं तिनं टाईप केलं, मग डिग्र्या एका ओळीत कोंबल्या. मशीनशेजारी आजोबांची चिमूट बसवली. 'मी' खोडून सगळीकडं 'ते' केलं, कारण वाचणार निवेदक. हनुमंत स्क्रीनऐवजी तिच्याकडंच बघत होता... आणि तिची बोटं चुकत होती.

"शेवटी कुटुंबाची ओळ असते. पत्नी, मुलं—"

"तिथं चार शब्दांची जागा ठेवा."

"कशाला?"

"भरू की!" तो हसला.

प्रतिभा पार गोंधळली. परदेशातून सुट्टीवर आलेला मुलगा मुली बघायलाच येतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? मग दुसऱ्या दिवशी एक स्वल्पविराम बदलायला तो वीस मैल का आला? तिसऱ्या दिवशी भाजलेल्या शेंगा कशासाठी? आणि तो येईपर्यंत आपली नजर रस्त्यावर का? तिला स्वतःचाच राग आला.

चौथा दिवस शेवटचा होता. परवा त्याचं विमान. इथली मराठी अक्षरं मेलबर्नच्या कॉम्प्युटरवर नुसते चौकोन होऊन दिसायची, म्हणून पान स्कॅन करून त्याचं चित्रच पाठवायचं होतं. एकदा गेलं की बदल नाही.

"जागा मोकळीच हाय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "पोरगी पसंत पडली का न्हाई?"

"पडली. तिला इचारलं न्हाई."

"मग इचारा की!"

"चार दिवस तेच करतोय... तुम्ही नुसते शब्द मोजताय."

प्रतिभाला आत्ता कुठं कळलं. आनंद झाला, भीती वाटली, हसूही आलं. सगळं एकदमच.

"माझं नाव न्हाई घालायचं," ती हळूच म्हणाली. "आमच्या आबांच्या आधी मेलबर्नला कळायला नको."

तिनं चार शब्द टाईप केले, प्रिंट काढली आणि खाली मान घालून पुढं केली. हनुमंतनं वाचलं — 'शिरूरशी नवं नातं जुळतंय.'

आता गोंधळायची पाळी त्याची होती. "शिरूर? अवो, माझं गाव तर वडगाव रासाई..."

"व्हय," प्रतिभा म्हणाली. "शिरूर माझं."