पैलतीरावरची

त्या दुपारी समुद्र एखाद्या शहाण्या मुलासारखा निमूट पडून होता. ती पैलतीराच्या खडकावर चढली, कुणाच्या आधाराशिवाय कोरड्यावर उभी राहिली आणि बोटवाल्या काकांनी भोंगा वाजवला. झालं. खाडी पार झाली.

याच भोंग्यासाठी तिनं नऊ वर्षं घालवली होती. पहाटेचं गार पाणी, डाव्या खांद्याचं दुखणं, दोनदा अर्ध्या वाटेतून माघार. तेव्हा बोटीत ओढून घेतल्यावर ती ढसाढसा रडली होती. आता ती थांबून राहिली. हसू फुटेल, रडू येईल, काहीतरी होईल... पायाला कालवं बोचत होती, एवढंच कळत होतं.

बोटीत दादानं तिला घोंगडीत गुंडाळलं. तिचा थोरला भाऊ, तोच प्रशिक्षक. तिच्यापायी नोकरीवर पाणी सोडलेला. त्याचे डोळे वाहत होते.

"जिंकलीस गं! कसं वाटतंय?"

"छान."

"नुसतं छान?"

"दमलेय रे."

दमणं तिच्या ओळखीचं होतं. हे ते नव्हतं. रोज पोहताना ती हाच क्षण घोळवायची. खडक, भोंगा, दादाचा चेहरा. त्या गोडीवरच हात चालायचे. इतक्यांदा चघळला की खरा हातात आला तेव्हा चोथाच उरला होता. आणि उद्या पहाटे उठायचं कशासाठी? दादाच्या नजरेला नजर देण्याची तिला चोरी झाली.

"पुढच्या वर्षी उलट बाजूनं येऊ या?" ती म्हणाली. आवाजात जीव नव्हता.

"आधी आजचं तर साजरं कर, वेडे!" तो हसला. पण हसू अर्धवटच राहिलं.

बोट परत निघाली आणि धुकं उतरलं. इंजिनाच्या घरघरीतून वेगळाच आवाज येऊ लागला. छप... छप... थंडी लागू नये म्हणून पोहणारे अंगाला चोपडतात त्या चरबीचा वास आला, पाण्याच्या बाजूनं. मग हात दिसले. बोटीच्या उलट, खडकाकडे चाललेले. तिच्यासारखीच लाल टोपी. डावा खांदा जपून उचललेला. श्वासाला तोंड वर आलं, तेव्हा ते हसत होतं.

"दादा... ते बघ..."

दादा बराच वेळ बघत राहिला. "लाट आहे," तो हळूच म्हणाला.

थोड्या वेळानं काकांचा वायरलेस खरखरला. पैलतीरावरच्या दीपगृहाचा रखवालदार बोलत होता. "अहो, तुमची मुलगी पोचली की! खडकावर नाचतेय नुसती, हसतेय, रडतेय. दादाला बोलवा म्हणते. येताय ना?"

काकांनी घोंगडीतल्या तिच्याकडे पाहिलं. मग दादाकडे.

"दादा, मी इथं आहे..." ती म्हणाली.

दादानं तिच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली. अगदी मायेनं, परक्या माणसाची करावी तशी.

"काका," तो म्हणाला, "बोट वळवा. ती थंडीत उभी असेल."

काकांनी सुकाणू फिरवलं.