हसलेल्या इसमाची नोंद

दुपारी दोनला पहारेकऱ्याने फाटकावरची वही तिच्यापुढे केली. ती या केंद्रात अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आज सोबत वडील होते. गेल्या वर्षी त्यांची नजर पूर्ण गेली होती आणि त्यांना घरी एकटं ठेवायचा तिला धीर होत नव्हता.

"यांची सही?"

"दिसत नाही हो त्यांना. अंगठा चालेल?"

"अंगठा निरक्षरांचा. हे तर शिकलेले दिसतात." पहारेकरी विचारात पडला आणि मग त्याचा चेहरा उजळला. "सही नाही, म्हणजे नोंद नाही. नोंद नाही, म्हणजे ते आलेच नाहीत. आणि न आलेल्या माणसाला मी अडवणार कसा? जा की आत!"

बाबा खो-खो हसले. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस, असलं काही कानावर पडलं की खूश. तीही हसली.

रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड, टेबलावर एक दिवा, कोपऱ्यात बाबांची खुर्ची. काचेपलीकडे साउंडवाला बसला होता.

कादंबरीच्या नायकाला नाव नव्हतं. पुस्तकभर तो नुसता 'अर्जदार'. सुनावणीला गैरहजर का राहिलात, खुलासा करा, असं पत्र त्याला येतं. खुलासा द्यायला तो कचेरीत जातो. कारकून म्हणतो, खुलासा गैरहजर माणसाने द्यायचा, तुम्ही तर हजर आहात. मग हजर असल्याचा दाखला द्या, म्हटलं, तर दाखला फक्त सुनावणीला हजर असलेल्यांना मिळतो. बसा ना.

ती आवाज खोल नेऊन, थरथरवून वाचत होती. बाबांनी खुर्चीवर काठी आपटली.

"अगं, भुताची गोष्ट सांगतेस का? कारकून गोड बोलतोय, गोडच वाच."

"मग भीती कशी वाटणार, बाबा?"

"तो खोटं बोलतोय का? नाही. दुष्ट असता तर अर्जदाराला भांडता आलं असतं. इथे सगळं नियमात चोख बसतं, म्हणून ऐकणारा हसतो. आणि हसता हसता त्याला कळतं, इतकं चोख बसलंय की बाहेर पडायला फटच नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहे, बाळा. हसवायचं वाक्य वेगळं आणि घाबरवायचं वेगळं केलंस, की पुस्तक मेलं."

तिला पटलं. ती सरळ, अदबीने वाचू लागली, आणि वाक्यं खरंच जिवंत झाली. काचेपलीकडे साउंडवाल्याचे खांदे हलत होते. दर 'बसा ना'ला कोपऱ्यातून बाबा हसत होते. वडिलांना असं हसताना ऐकून तिला फार बरं वाटलं.

तिने पान उलटलं.

"कलम नऊ. प्रतीक्षालयात जो इसम हसेल, त्याची काहीही तक्रार नाही असे समजण्यात येईल. सबब त्याचे प्रकरण निकाली काढण्यात येईल."

कोपऱ्यातून हसू आलं नाही.

"बाबा...?"

जुन्या कागदांचा कुबट वास आला. तिने दिवा वळवला. खुर्ची रिकामी होती. दाराला आतून कडी तशीच होती.

तिने कडी काढली तसा साउंडवाला आत आला. "कोण बाबा? तुम्ही एकट्याच आलात ना?"

ती फाटकाकडे धावली. पहारेकऱ्याने वहीवरून बोट फिरवलं. "नोंद नाही, बाई. जे आत आलेच नाहीत ते हरवणार कसे? आपण शोधू, पण आधी ते आले होते असं दाखवा. बसा ना."

तरी एक गोष्ट होती. बाबांचं हसू रेकॉर्ड झालं होतं. ती परत आत आली, हेडफोन लावला. तिचा आवाज, आणि मागे कोपऱ्यातून ते ओळखीचं, घोगरं हसू.

"हे बघा! हे माझे बाबा!"

साउंडवाल्याने मान हलवली. "बाहेरचा आवाज ठेवता येत नाही हो, कापावा लागतो. ज्याचा आवाज आहे त्याने लेखी संमती दिली तरच राहतो. त्यांची सही आणाल?"

बाबांची सही... तिला रडायला येत होतं. ओठ घट्ट मिटले, तोंडावर हात दाबला, तरीही ते आलंच. बोटांमधून फुटलं. ती हसली.

साउंडवाला ओशाळून म्हणाला, "म्हणजे... तुमची तक्रार नाही तर." आणि त्याने रेकॉर्डिंग बंद केलं.

हेडफोन तिच्या कानावरच होता. आत कोणीतरी अजून हसत होतं, अगदी जवळ. मग ते थांबलं आणि बाबांच्या आवाजात, अदबीने म्हणालं, "बसा ना."